भाड्याचं दुकान ताळेबंदात ‘मालमत्ता’ कसं होतं?

प्रश्न: माझं भाड्याच्या जागेत दुकान आहे, बावीस वर्षं तेच करतोय. आता थोडे पैसे शेअरमध्ये गुंतवतो. एका दुकानसाखळी चालवणाऱ्या कंपनीचा वार्षिक अहवाल मराठी भाषांतरात वाचत होतो. त्यात ‘वापराच्या हक्काची मालमत्ता’ आणि ‘भाडेपट्टा दायित्व’ अशा दोन मोठ्या रकमा आहेत. कंपनीची सगळी दुकानं भाड्याची आहेत असं त्याच अहवालात लिहिलंय. मग मालमत्ता कुठून आली? कर्ज काढलंय का? आणि खर्चात ‘भाडे’ ही ओळ शोधली तर अगदी किरकोळ रक्कम दिसते. एवढ्या दुकानांचं भाडं गेलं कुठे?

उत्तर:

दुकान विकत घेतलेलं नाही, बँकेकडून कर्जही काढलेलं नाही. तरी दोन्ही रकमा खऱ्या आहेत. मी बरीच वर्षं कंपन्यांच्या लेखापरीक्षणात घालवली आणि आता अशा अहवालांची भाषांतरं तपासतो. हे दोन शब्द वाचून अडखळणारे तुम्ही काही पहिले नाही. उलट दुकानदाराला हा विषय लवकर कळतो, कारण भाडेकरार म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही.

असं समजा, तुम्ही एका जागेचा पाच वर्षांचा करार केला आणि मध्येच सोडायची सोय नाही. सही केली त्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. पाच वर्षं ती जागा तुमची, मालकही तुम्हाला बाहेर काढू शकत नाही. आणि पाच वर्षांचं भाडं तुम्ही देणं लागता, धंदा चालो वा न चालो. पहिली गोष्ट म्हणजे वापराच्या हक्काची मालमत्ता आणि दुसरी म्हणजे भाडेपट्टा दायित्व. मालमत्ता जागेची नाही, जागा वापरण्याच्या हक्काची आहे. करार संपला की ती शून्य होते.

पूर्वी असे बहुतेक करार ताळेबंदात येतच नसत. दर महिन्याचं भाडं खर्चात पडायचं आणि पुढच्या वर्षांचं देणं एखाद्या टीपेत दडलेलं असायचं. आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळाचे माजी अध्यक्ष सर डेव्हिड ट्वीडी थट्टेनं म्हणायचे की विमान कंपनीच्या ताळेबंदात खरोखर दिसणाऱ्या विमानातून एकदा प्रवास करायची त्यांची इच्छा आहे. विमानं उडत होती, पण भाड्याची असल्यामुळे कागदावर नव्हती. हे बदलणारं आयएफआरएस १६ हे मानक जानेवारी २०१६ मध्ये आलं आणि १ जानेवारी २०१९ पासून लागू झालं. भारतात त्याच धर्तीवरचं इंड एएस ११६ हे १ एप्रिल २०१९ पासून सुरू झालं. त्यामुळे त्याआधीचा अहवाल शेजारी ठेवून तुलना करणार असाल तर थांबा. कंपनी तीच असली तरी दोन्हीकडचे आकडे एका मापाचे नाहीत.

आता रक्कम कशी ठरते ते एका छोट्या उदाहरणावर बघू. चलन कोणतंही धरा. वर्षाचं भाडं १००, वर्षअखेरीस द्यायचं, करार पाच वर्षांचा. एकूण देणं ५००. पण ताळेबंदात ५०० लिहीत नाहीत, कारण पाच वर्षांनी द्यायचे १०० आणि आज द्यायचे १०० सारखे नाहीत. व्याजदर १० टक्के धरला तर वर्षभराने द्यायच्या १०० ची आजची किंमत ९१, दोन वर्षांनी द्यायच्या १०० ची ८३, मग ७५, ६८ आणि ६२. यांची बेरीज ३७९. कराराच्या पहिल्या दिवशी दायित्व ३७९ आणि मालमत्ताही ३७९. (प्रत्यक्षात मालमत्तेत आगाऊ दिलेलं भाडं, दलाली वगैरे मिळवतात, म्हणून ती थोडी वेगळी निघते.) हा दर कंपनी कुठून आणते? करारातच दडलेला दर काढता आला तर तो, नाहीतर तितक्याच मुदतीसाठी आणि तशाच तारणावर तिला कर्ज घ्यावं लागलं असतं तर जो दर पडला असता तो. भाषांतरात याला कधी कधी ‘वाढीव कर्ज दर’ म्हणतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की दर वाढवलाय. तसं काही नाही. ‘नवं कर्ज घेतलं असतं तर पडला असता तो दर’ एवढाच त्याचा अर्थ.

पुढची पाच वर्षं हे दायित्व कर्जाच्या हप्त्यासारखं फिटत जातं. दरवर्षी दिलेल्या १०० मधून आधी व्याज वळतं होतं, उरलेलं मुद्दलात जातं:

| वर्ष | सुरुवातीचं देणं | व्याज | मुद्दल | उरलेलं देणं |
|---|---|---|---|---|
| १ | ३७९ | ३८ | ६२ | ३१७ |
| २ | ३१७ | ३२ | ६८ | २४९ |
| ३ | २४९ | २५ | ७५ | १७४ |
| ४ | १७४ | १७ | ८३ | ९१ |
| ५ | ९१ | ९ | ९१ | ० |

मालमत्तेची बाजू त्याहून सोपी आहे. ३७९ पाच वर्षांत समान विभागून दरवर्षी सुमारे ७६ घसारा. पहिल्या वर्षअखेरीस मालमत्ता ३०३ उरते आणि दायित्व ३१७. मालमत्तेपेक्षा देणं जास्त बघून काही जण घाबरतात. पण वरच्या हिशेबात कोणाचीही चूक नसताना ते तसंच निघतं, कारण घसारा समान गतीने जातो आणि मुद्दल सुरुवातीला सावकाश फिटतं. फरक मोठा असेल तर मात्र टीप उघडून बघा. तिथे हक्काच्या मालमत्तेचं मूल्य ‘घटवलं’ असं लिहिलेलं असेल तर काही दुकानं भाडं भरून निघण्याइतकीही कमाई करत नाहीत, असं कंपनीनं कबूल केलेलं असतं. ती बातमी खरी.

म्हणजे तुमचं हरवलेलं भाडं दोन जागी सापडतं, घसाऱ्यात आणि व्याजात. पहिल्या वर्षी ७६ आणि ३८ मिळून ११४, शेवटच्या वर्षी ७६ आणि ९ मिळून ८५. पाच वर्षांची बेरीज ५०० च. पैसा जितका गेला तितकाच गेला, फक्त खर्चाचं ओझं सुरुवातीला जास्त आणि शेवटी कमी दिसतं. जुन्या-नव्या दुकानांचं मिश्रण असलेल्या साखळीत हे साधारण एकमेकांत जिरतं. पण कंपनी झपाट्याने नवी दुकानं उघडत असेल तर तिचे बहुतेक करार पहिल्या-दुसऱ्या वर्षात असतात आणि नफा प्रत्यक्षापेक्षा थोडा दुबळा दिसतो.

‘भाडे’ या ओळीत उरलेली ती किरकोळ रक्कम कसली, हेही सांगतो, कारण तिथे एक महत्त्वाची गोष्ट लपते. बारा महिने किंवा त्याहून कमी मुदतीचे करार आणि छोट्या किमतीच्या वस्तूंचे करार कंपनी ताळेबंदाबाहेर ठेवू शकते. त्यांचं भाडं पूर्वीसारखं थेट खर्चात जातं. शिवाय विक्रीच्या टक्क्यावर ठरलेलं भाडं दायित्वात धरतच नाहीत, कारण विक्री किती होईल ते आज ठरलेलं नसतं. म्हणून सगळी दुकानं टक्केवारीच्या भाड्यावर घेतलेल्या कंपनीचं भाडेपट्टा दायित्व नगण्य दिसू शकतं आणि ठरीव भाडं भरणाऱ्या शेजारच्या कंपनीचं डोंगराएवढं. दोघींना द्यावं लागणारं भाडं मात्र जवळपास सारखंच असेल. फरक एवढाच की मंदी आली तर पहिलीचं भाडं आपोआप उतरतं आणि दुसरीचं उतरत नाही. दायित्व लहान म्हणजे कंपनी सुरक्षित, असा निष्कर्ष काढण्याआधी ही ओळ वाचा.

मुदतीचंही असंच. करार पाच वर्षांचा आणि पुढे आणखी पाच वर्षं वाढवायचा हक्क कंपनीकडे असेल, तर वाढवणार हे ‘वाजवी खात्रीचं’ आहे का, हे कंपनीच ठरवते. आहे म्हटलं तर दहा वर्षांचं भाडं दायित्वात येतं, नाही म्हटलं तर पाचाचं. मी लेखापरीक्षणात असताना सर्वात जास्त वाद याच मुद्द्यावर व्हायचे. एका कंपनीनं जागेच्या सजावटीवर मोठा खर्च केला होता, तो वसूल व्हायला आठ वर्षं लागणार होती आणि तरी ती पाच वर्षांपुढे राहण्याची खात्री नाही म्हणत होती. आम्ही विचारलं, मग एवढी सजावट कशासाठी? शेवटी मुदत वाढवून धरली आणि दायित्व बरंच फुगलं. हा निर्णय परिस्थितीवर अवलंबून असतो, बाहेरून बघून तो चूक की बरोबर हे मला किंवा तुम्हाला सांगता येणार नाही. पण कंपनीनं कोणता निर्णय घेतला ते टीपेत लिहिलेलं असतं आणि ते वाचता येतं.

आता ज्यात गुंतवणूकदाराचे खरोखर पैसे बुडू शकतात, त्या मुद्द्याकडे येतो. समजा वरच्याच कंपनीची विक्री १०००, भाडं सोडून बाकी चालू खर्च ८२०, भाडं १०० आणि बँकेचं कर्ज २००. (बँकेचं व्याज आणि कर हिशेब सोपा राहावा म्हणून सोडून देऊ.) जुन्या पद्धतीनं व्याज-घसाऱ्याआधीचा नफा, ज्याला एबिटडा म्हणतात, तो १००० वजा ८२० वजा १००, म्हणजे ८०. नव्या पद्धतीत भाडं व्याज-घसाऱ्यात गेलं, म्हणून एबिटडा १८०. एका पैचाही जास्त धंदा न करता तो दुपटीच्या वर गेला.

यावर लोक काय करतात? बँकेचं कर्ज २०० घेतात, नव्या एबिटडानं भागतात आणि म्हणतात, ‘कर्ज नफ्याच्या जेमतेम १.१ पट, कंपनी ठणठणीत.’ हा हिशेब चुकीचा आहे, कारण त्यात वरच्या आकड्यातून भाड्याचं देणं वगळलं आणि खालच्या आकड्यातून भाड्याचा खर्चही वगळला. भाडं दोन्हीकडून गायब झालं. बरोबर हिशेब दोन प्रकारे होतो. भाडेपट्टा दायित्व कर्ज मानायचं असेल तर २०० अधिक ३१७, म्हणजे ५१७ ला १८० ने भागा, उत्तर जवळपास २.९. मानायचं नसेल तर फक्त २०० घ्या, पण खालीही भाडं वजा केलेले ८० घ्या, उत्तर २.५. दोन्ही उत्तरं साधारण एकाच चित्राची आहेत. १.१ हे तिसरं उत्तर त्या चित्रात कुठेच बसत नाही.

मग भाडेपट्टा दायित्व कर्ज मानावं की नाही? माझा कल मानण्याकडे आहे. करार मोडता येत नसेल तर भाडं चुकवण्याची मुभा बँकेचा हप्ता चुकवण्याइतकीच कमी असते. पण तुम्ही दुकानदार आहात, त्यामुळे दुसरी बाजूही तुम्हाला पटेल. धंदा बसला तर जागामालकाशी बोलून मुदत कमी करून घेता येते, जागा परत देता येते आणि राहिलेलं देणं बरंचसं मिटतं. बँकेकडे तसं चालत नाही. कंपनीच्या करारात कमी नोटिशीवर बाहेर पडायची सोय असेल तर दुसरी बाजू जड होते. कुठलीही बाजू घ्या, फक्त वरच्या आणि खालच्या आकड्यात तीच बाजू ठेवा.

एक अपवाद लक्षात ठेवा. अमेरिकी नियमांनी हिशेब मांडणाऱ्या कंपन्याही हे दायित्व ताळेबंदात दाखवतात. पण दुकानाच्या जागेसारख्या नेहमीच्या भाडेकरारांचा खर्च त्या अजून व्याज-घसाऱ्यात न विभागता भाडं म्हणूनच, चालू खर्चात लिहितात. त्यांच्या एबिटडातून भाडं आधीच वजा झालेलं असतं. अशी कंपनी आणि तुमची कंपनी शेजारी ठेवून एबिटडाची तुलना केली तर तुमची उगाचच हुशार दिसेल.

रोखप्रवाह पत्रकातही हीच गंमत आहे. पूर्वी भाड्याचे १०० ‘कामकाजातून रोख’ या भागात वजा व्हायचे. आता मुद्दलाचे ६२ ‘वित्तपुरवठा’ या भागात, कर्जफेडीच्या शेजारी जातात. व्याजाचे ३८ कंपनीच्या धोरणाप्रमाणे आणि त्या देशातल्या मानकाप्रमाणे वरच्या किंवा खालच्या भागात असतात, भारतात ते खालीच असतात. म्हणजे आपल्या उदाहरणात कामकाजातून रोख १८० दिसेल, पण त्यातले १०० जागामालकाला गेलेले आहेत. ‘कामकाजातून रोख वजा नव्या यंत्र-फर्निचरचा खर्च’ असा मोकळ्या रोकडीचा हिशेब करत असाल तर भाडेपट्ट्याचं मुद्दल आणि व्याज दोन्ही स्वतःच्या हातानं वजा करा. आपोआप होणार नाही.

याच्याच उलट गैरसमज मालमत्तेबाबत होतो. हक्काची मालमत्ता एका वर्षात खूप वाढली की वाटतं, कंपनीनं मोठी गुंतवणूक केली. तिथे पैसा गेलेलाच नसतो. नवे करार झाले किंवा जुन्यांची मुदत वाढली की मालमत्ता आणि दायित्व दोन्ही एकाच वेळी वाढतात आणि तिजोरी जागच्या जागी राहते. रोखप्रवाह पत्रकात या वाढीसमोर रक्कम दिसणार नाही.

भाषांतराबद्दल थोडं बोलतो, कारण तुमच्या गोंधळाचा निम्मा भाग तिथून आलाय. मूळ संज्ञा राइट ऑफ यूज ॲसेट. यातला ‘राइट’ म्हणजे हक्क. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका मसुद्यात तो ‘योग्य’ असा वाचून ‘योग्य वापराची मालमत्ता’ लिहिलं होतं, जणू बाकीच्या मालमत्ता अयोग्य वापरात होत्या! दुसऱ्या एकात व्याजाच्या टीपेत ‘सवलत उलगडणे’ असा खर्च होता. सवलत कोणी कोणाला दिलेली नव्हती. वरच्या तक्त्यातल्या ३८ आणि ३२ सारखं, दायित्वावर काळ गेला तसं चढलेलं ते व्याज होतं. आणि सर्वात धोक्याची चूक म्हणजे भाड्यानं घेणारा आणि देणारा यांची अदलाबदल. एका मसुद्यात कंपनी जागा देणारी झाली होती, भाडं उत्पन्नात जाईल अशा बेतानं वाक्यं लिहिली होती आणि खालचा तक्ता मात्र दायित्वाचा होता. वाक्य आणि तक्ता भांडत असतील तर तक्त्यावर विश्वास ठेवा. शब्द भाषांतरात बदलतात, आकडे सहसा मूळ अहवालातून जसेच्या तसे उचललेले असतात. शंका आली तर तोच आकडा मूळ इंग्रजी अहवालात शोधा, तिथली ओळ कळते.

आता तुमचा अहवाल हातात घ्या आणि भाडेपट्ट्यांची टीप काढा. तिथे ‘भाडेपट्ट्यांपोटी एकूण रोख खर्च’ असा एक आकडा देणं मानकानं सक्तीचं केलंय. तुम्ही शोधत होतात ते एवढ्या दुकानांचं भाडं म्हणजे हाच आकडा. त्याला एकूण विक्रीनं भागलंत की विक्रीतला किती टक्का जागेवर जातो ते कळेल. त्या टक्क्याचा अर्थ कसा लावायचा हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, कारण तुमच्या दुकानाचा टक्का तुम्हाला तोंडपाठ असणार. त्याच टीपेत किंवा जोखमींच्या टीपेत दायित्वाचा मुदतवार तक्ताही असेल, एका वर्षात किती, पाच वर्षांत किती, त्यानंतर किती. त्याची बेरीज ताळेबंदातल्या दायित्वापेक्षा मोठी येईल, आपल्या उदाहरणात पहिल्या दिवशी ३७९ ऐवजी ५००. ती चूक नाही. तक्त्यात व्याज वजा न करता खरोखर द्यायचे पैसे असतात. बेरीज आणि ताळेबंदातला आकडा जवळपास सारखाच निघाला तर एकतर करार संपत आलेत किंवा दर फार कमी धरलाय. कोणतं ते मुदतवार तक्त्यातच कळेल: बहुतेक रक्कम पहिल्या एक-दोन वर्षांच्या रकान्यात असेल तर करार संपत आलेत आणि नवे करार कोणत्या भाड्यानं होणार, हा प्रश्न पुढच्या वर्षीच्या अहवालात बघायचा.